मुखांतरण प्रतिमानांतील हानिफलने

एका व्यक्तीच्या छायाचित्रातील वा चित्रफितीतील चेहऱ्याच्या जागी दुसऱ्या व्यक्तीचा चेहरा संगणकाच्या साहाय्याने बसविण्याच्या क्रियेला मुखांतरण किंवा फेस स्वॅप असे म्हणतात. ज्या व्यक्तीचा चेहरा घेतला जातो तिला दाता आणि ज्या चित्रात तो बसविला जातो त्यास आधारचित्र अशी नावे या नोंदीत वापरली आहेत. मुखांतरणाची क्रिया उदाहरणांवरून शिकणाऱ्या गणितीय रचनेला प्रतिमान किंवा मॉडेल म्हणतात. शिक्षण चालू असताना प्रतिमानाने तयार केलेल्या चित्रात किती उणीव राहिली हे एका संख्येने सांगणारे फलन म्हणजे हानिफलन होय. ही संख्या कमी होईल अशा दिशेने प्रतिमानातील लक्षावधी गुणांक थोडेथोडे बदलत नेणे, यालाच प्रशिक्षण म्हणतात. त्यामुळे हानिफलनात जे मोजले जाते तेवढेच प्रतिमान शिकते. जे मोजले जात नाही त्याविषयी ते उदासीन राहते.

मुखांतरणाच्या बाबतीत एक मूलभूत अडचण आहे. अक्षर ओळखणाऱ्या प्रतिमानाला प्रत्येक उदाहरणाचे अचूक उत्तर दाखविता येते. मुखांतरणात असे उत्तर अस्तित्वातच नसते. कारण दात्याचा चेहरा आधारचित्रातील नेमक्या प्रसंगी, त्याच प्रकाशात व त्याच हावभावात कधीही टिपलेला नसतो. म्हणून एका अचूक उत्तराऐवजी अनेक अपुऱ्या परीक्षकांची योजना करावी लागते. एक परीक्षक चित्रबिंदूंची तुलना करतो, दुसरा आकृती व पोत पाहतो, तिसरा व्यक्तीची ओळख तपासतो. हे परीक्षक कसे निर्माण झाले, प्रत्येकाच्या हाती काय असते आणि त्याला काय दिसत नाही, यांचा इतिहास म्हणजेच मुखांतरणातील हानिफलनांचा इतिहास होय.

पूर्वपीठिका : आरंभीच्या मुखांतरण पद्धतींमध्ये आजच्या अर्थाने प्रशिक्षण नव्हते. फोल्कर ब्लांट्स व टोमास फेटर यांनी १९९९ मध्ये चेहऱ्याचे त्रिमितीय परिवर्तनीय प्रतिमान मांडले आणि ब्लांट्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये त्याचा उपयोग दोन छायाचित्रांतील चेहऱ्यांची अदलाबदल करण्यासाठी केला. २००८ मध्ये कोलंबिया विद्यापीठातील दमित्री बिटूक व त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा मार्ग अवलंबिला. त्यांनी छायाचित्रांच्या मोठ्या संग्रहातून आधारचित्राशी डोक्याची स्थिती, प्रकाश व रंग यांबाबतीत जुळणारे चेहरे निवडले आणि रंगात फेरफार करून ते जागी बसविले. या पद्धतीत जुळणी मोजली जात असे. परंतु त्या मापाच्या आधारे यंत्र काही शिकत नसे.

फरक मोजण्याची गणिती साधने मात्र फार जुनी आहेत. निरीक्षणातील फरकांची चिन्हे सोडून नुसत्या परिमाणांची बेरीज किमान करण्याची कल्पना रूजर बॉस्कोविच यांनी १७५७ मध्ये वापरली. फरकांच्या वर्गांची बेरीज किमान करण्याची रीत आद्रिआं मारी लझांद्र यांनी १८०५ मध्ये प्रसिद्ध केली. दोन्ही मापे पुढे न्यूरल नेटवर्कच्या, म्हणजे तंत्रिका-जालाच्या प्रशिक्षणात आली. डेव्हिड रूमेलहार्ट, जेफ्री हिंटन व रोनाल्ड विल्यम्स यांनी १९८६ मध्ये दोषाचे माप जालाच्या शेवटच्या थरापासून मागे नेत प्रत्येक गुणांकाचा वाटा काढण्याची रीत प्रचारात आणल्यानंतर या मापांना प्रशिक्षणाच्या चालकाचे स्थान मिळाले.

पुनर्रचना-हानी : २०१७ च्या अखेरीस रेडिट या संकेतस्थळावर ‘डीपफेक्स’ हे टोपणनाव घेतलेल्या एका अनामिकाने अभिनेत्रींचे चेहरे त्यांच्या संमतीविना अश्लील चित्रफितींवर बसवून त्या प्रसृत केल्या. डीपफेक ही संज्ञा या टोपणनावावरूनच रूढ झाली. त्या संकेतस्थळाने फेब्रुवारी २०१८ मध्ये संबंधित समूहावर बंदी घातली. तथापि पद्धत तोवर सर्वत्र पसरली होती. तिची रचना साधी होती. एक समाईक संकेतक चेहऱ्याच्या चित्राचे संक्षिप्त संख्यारूप तयार करतो आणि दोन स्वतंत्र विसंकेतक त्या संख्यारूपातून चित्र पुन्हा उभे करतात. पहिला विसंकेतक केवळ पहिल्या व्यक्तीच्या व दुसरा केवळ दुसऱ्या व्यक्तीच्या चित्रांवर शिकविला जातो. चित्रे ६४ × ६४ बिंदूंची असत आणि हानिफलन एकच होते : मूळ चित्र व पुन्हा उभे केलेले चित्र यांच्या बिंदूबिंदूंतील निरपेक्ष फरकांची सरासरी. यालाच पुनर्रचना-हानी म्हणतात.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, या प्रशिक्षणात मुखांतरण एकदाही घडत नाही. प्रत्येक व्यक्तीचे चित्र तिच्याच विसंकेतकाकडे जाते व त्याचे अचूक उत्तर, म्हणजे मूळ चित्र, हाताशी असते. प्रशिक्षण संपल्यावर मात्र पहिल्या व्यक्तीच्या चित्राचे संख्यारूप दुसऱ्या व्यक्तीच्या विसंकेतकाला दिले जाते. संकेतक दोघांनाही समाईक असल्यामुळे त्यात डोक्याची स्थिती, तोंडाची उघडझाप, डोळ्यांची दिशा अशा दोघांना लागू पडणाऱ्या गोष्टी साठतात. व्यक्तिविशिष्ट नाकडोळे विसंकेतकात राहतात. ही विभागणी आपोआप पक्की होत नाही. ती घडावी म्हणून संकेतकाला चित्र किंचित वेडेवाकडे करून दिले जाते व उत्तर म्हणून न वाकविलेले चित्र मागितले जाते. त्यामुळे चेहऱ्याची खरी प्रमाणे संकेतकाकडून मिळण्याची आशा विसंकेतकाला राहत नाही. ती त्याला स्वतःच लक्षात ठेवावी लागतात. अशा रीतीने या पद्धतीत ओळख जपली जाते, पण ती मोजणारा स्वतंत्र परीक्षक नसतो.

पुनर्रचना-हानीचे नियंत्रण रंग, उजेड आणि अवयवांच्या स्थानावर उत्तम असते. बारकाव्यांवर दुबळे असते. याचे कारण एका बिंदूच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. पापणीच्या कडेवरील एखादा बिंदू, संकेतकाला भेद करता न येणाऱ्या चित्रांपैकी ६० टक्क्यांत गडद, म्हणजे ४० मूल्याचा आणि ४० टक्क्यांत उजळ, म्हणजे २०० मूल्याचा आहे असे मानू. फरकांच्या वर्गांची सरासरी किमान करावयाची असेल, तर प्रतिमानाने सांगावयाचे सर्वोत्तम मूल्य या संख्यांचे मध्य, म्हणजे १०४ हे ठरते. ते गडदही नाही व उजळही नाही. अशा करड्या बिंदूंनी चित्र पुसट होते. निरपेक्ष फरकांचे माप घेतल्यास सर्वोत्तम मूल्य मध्यक, म्हणजे ४० हे ठरते. कड ठसठशीत राहते खरी, पण उजळ बिंदूची शक्यता पूर्णपणे गाळली जाते. वर्गाच्या मापाने बारकावा विरघळतो, तर निरपेक्ष मापाने अल्पसंख्य बारकावा नाहीसा होतो. त्वचेवरील रंध्रे, दातांमधील फटी व सुटे केस यांचा ऱ्हास त्यामुळेच दिसतो.

या दोषावर पहिला उपाय म्हणून बिंदूंऐवजी लहान तुकड्यांची तुलना करणारे माप जोडण्यात आले. झोउ वांग, अ‍ॅलन बोव्हिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये चित्राची गुणवत्ता ठरविण्यासाठी मांडलेला संरचना-साम्याचा निर्देशांक प्रत्येक तुकड्यातील सरासरी उजेड, उठाव आणि चढउतारांची जुळणी पाहतो. इव्हान पेरोव्ह व सहकाऱ्यांच्या डीपफेसलॅब या प्रणालीत हे माप व वर्गांचे माप एकत्र वापरलेले आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या वर्णनानुसार पहिल्यामुळे चेहऱ्याची घडण लवकर येते आणि दुसऱ्यामुळे स्पष्टता वाढते.

अवबोध-हानी : मनुष्य चित्रे बिंदूबिंदूंनी ताडून पाहत नाही. एखादे चित्र एका बिंदूने उजवीकडे सरकविले, तर पाहणाऱ्यास काहीच फरक जाणवत नाही. परंतु केसांसारख्या बारीक पोताच्या भागात बिंदूंतील फरक मोठा भरतो. हे व्यंग दूर करण्यासाठी वस्तू ओळखण्यास आधीच शिकलेल्या जालाचा परीक्षक म्हणून उपयोग करण्याची कल्पना पुढे आली. ऑक्सफर्ड विद्यापीठातील कॅरेन सिमोनियन व अँड्र्यू झिसरमन यांचे २०१४ मधील व्हीजीजी हे जाल या कामी सर्वाधिक वापरले गेले. लिऑन गाटिस, अलेक्झांडर एकर व माटियास बेटगे यांनी २०१५ मध्ये दाखवून दिले की, या जालाच्या निरनिराळ्या थरांत उमटणाऱ्या प्रतिसादांवरून चित्राचा आशय व त्याची शैली यांची वेगवेगळी मापे काढता येतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील जस्टिन जॉन्सन, अलेक्झांडर अलाही व फेई-फेई ली यांनी २०१६ मध्ये याच मापावर चित्र बदलणारे जाल प्रशिक्षित केले. दोन्ही चित्रे परीक्षक-जालातून पाठवून त्यांच्या प्रतिसादांतील अंतर मोजणे, हे अवबोध-हानीचे स्वरूप होय.

मुखांतरणात तिचा प्रवेश त्याच वर्षी झाला. इरिना कोर्शुनोव्हा व त्यांच्या सहकाऱ्यांनी दात्याच्या चेहऱ्याला शैली आणि आधारचित्राला आशय मानून मुखांतरणाचा प्रश्न शैली-परिवर्तनाच्या रूपात मांडला. आशयाच्या मापाने डोक्याची स्थिती व हावभाव धरून ठेवले जात. शैलीच्या मापाने चेहऱ्याचे लहान तुकडे दात्याच्या अनेक छायाचित्रांतील मिळत्याजुळत्या तुकड्यांशी ताडले जात. प्रकाश जपण्यासाठी त्यांनी त्याकरिता वेगळे शिकविलेले जाल परीक्षक म्हणून जोडले. कारण वस्तू ओळखणारे जाल उजेड कोणत्या बाजूने येतो याकडे फारसे लक्ष देत नाही. प्रत्येक दात्यासाठी मात्र स्वतंत्र जाल शिकवावे लागे.

अवबोध-हानी कोणत्या थरावर मोजली जाते, यावर तिचे नियंत्रण अवलंबून असते. आरंभीच्या थरांत कडा व पोत उमटतात. खोल थरांत अवयवांची मांडणी व अर्थ उमटतो, आणि नेमका रंग व नेमके स्थान यांची नोंद पुसट होत जाते. म्हणून केवळ या हानीवर शिकलेले प्रतिमान पोत ठसठशीत देते, पण त्याचा रंग घसरतो. इस्राएलमधील युव्हाल नीर्किन, योसी केलर व ताल हॅसनर यांच्या २०१९ मधील एफएसगॅन या पद्धतीत हा अनुभव स्पष्टपणे नोंदविला आहे. केवळ अवबोध-हानी वापरल्यास रंग चुकीचे येतात असे आढळल्यामुळे त्यांनी तिच्या जोडीला बिंदूंच्या निरपेक्ष फरकांची हानी ठेवली. त्यांनी वापरलेले परीक्षक-जाल सर्वसाधारण वस्तूंवर नव्हे, तर चेहऱ्यांवर शिकविलेले होते. त्यामुळे चेहऱ्याच्या सूक्ष्म भेदांना प्रतिसाद मिळू लागला. पुनर्रचना व अवबोध या हानी अशा रीतीने परस्परपूरक ठरतात. एक मोठ्या क्षेत्रावरील संथ बदल सांभाळते, तर दुसरी लहान क्षेत्रावरील शीघ्र बदल.

ओळख-हानी : वरील दोन्ही परीक्षकांना चित्र दिसते, व्यक्ती दिसत नाही. तिसरा परीक्षक चेहरा ओळखण्याच्या शास्त्रातून आला. गूगलमधील फ्लोरियन श्रॉफ व सहकाऱ्यांच्या २०१५ मधील फेसनेट या जालाने प्रत्येक चेहऱ्याचे १२८ संख्यांच्या सदिशात रूपांतर केले. एकाच व्यक्तीचे सदिश जवळ व भिन्न व्यक्तींचे दूर पडावेत अशी त्याची शिकवण होती. जियानकांग डेंग व सहकाऱ्यांचे आर्कफेस हे जाल २०१८ मध्ये मांडले गेले. त्यात सदिशांमधील कोन हेच अंतराचे माप धरले असून सदिश ५१२ संख्यांचा आहे. ओळख-हानीचे नेहमीचे सूत्र पुढीलप्रमाणे आहे.

```
L_id = 1 − cos(z(Y), z(Xs))
```

यात Xs हे दात्याचे चित्र, Y हे तयार झालेले चित्र आणि z हा ओळख-जालाने दिलेला सदिश होय. सदिश एकाच दिशेला असतील तर हानी ०, त्यांतील कोन ६०° असेल तर ०·५ आणि काटकोन असेल तर १ येते. या सूत्रात कोठेही बिंदूंची तुलना नाही. दात्याचे चित्र कोणत्याही स्थितीतील असले तरी चालते. त्यामुळे ज्याचे अचूक उत्तर अस्तित्वात नाही अशा जोडीवरही प्रतिमानाला शिकविता येऊ लागले. दर दात्यासाठी नवे जाल शिकविण्याची गरज त्याबरोबर संपली आणि एका छायाचित्रावरून मुखांतरण शक्य झाले.

हानींचा समतोल : पेकिंग विद्यापीठ व मायक्रोसॉफ्टची संशोधन शाखा यांतील लिंगझी ली व सहकाऱ्यांनी २०१९ च्या अखेरीस मांडलेली फेसशिफ्टर ही पद्धत या परीक्षकांची वाटणी समजून घेण्यास विशेष उपयुक्त आहे. तिच्या मुख्य जालाचे एकूण हानिफलन असे आहे.

```
L = L_adv + 10 L_att + 5 L_id + 10 L_rec
```

पहिले पद स्पर्धा-हानीचे आहे. इयन गुडफेलो व सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये सुचविलेल्या रीतीनुसार खरे व कृत्रिम चित्र वेगळे करण्यास शिकणारे दुसरे जाल येथे परीक्षक असते. चित्र खरे वाटावे एवढीच त्याची मागणी असते. दुसरे पद गुणधर्म-हानीचे आहे. आधारचित्राची स्थिती, हावभाव, प्रकाश व पार्श्वभूमी यांची आठ पातळ्यांवरील वर्णने जाल स्वतःच तयार करण्यास शिकते, आणि निर्मित चित्राची वर्णने त्यांच्याशी वर्गांच्या मापाने ताडली जातात. अवबोध-हानीच्याच कुळातील हे माप असून परीक्षक मात्र बाहेरून आणलेला नाही. तिसरे पद ओळख-हानीचे आहे. चौथे पद पुनर्रचना-हानीचे असून ते दाता व आधार म्हणून एकच चित्र दिले असेल तेव्हाच मोजले जाते. कारण केवळ त्याच प्रसंगी अचूक उत्तर, म्हणजे ते चित्र स्वतः, उपलब्ध असते. प्रशिक्षणातील ८० टक्के जोड्या भिन्न चित्रांच्या व उरलेल्या एकाच चित्राच्या ठेवल्या होत्या.

सूत्रातील भार कसे काम करतात हे कल्पित संख्यांनी पाहता येईल. प्रशिक्षणाच्या एखाद्या टप्प्यावर प्रतिमानापुढे दोन चित्रांचा पर्याय आहे असे समजू. पहिल्याचे दात्याशी साम्य, म्हणजे कोनाची कोज्या, ०·४० आहे. दुसऱ्याचे ०·६० आहे. ओळख-हानी अनुक्रमे ०·६० व ०·४० येते, आणि ५ या भाराने गुणल्यावर ३·० व २·० होते. दुसरे चित्र निवडल्यास १·० एवढा लाभ होतो. परंतु साम्य वाढविताना ओठांची ठेवण थोडी दात्यासारखी झाली व गुणधर्म-हानी ०·०८ ने वाढली, तर १० या भाराने तोटा ०·८ होतो. एकूण ०·२ चा लाभ असल्यामुळे प्रतिमान हावभावातील बिघाड स्वीकारते. ओळख-हानीचा भार ५ ऐवजी ३ असता, तर लाभ ०·६ व तोटा ०·८ होऊन त्याने पहिलेच चित्र पसंत केले असते. भार म्हणजे एका गुणासाठी दुसऱ्याचा किती त्याग चालेल याचा ठरविलेला दर होय. तो गणितातून निघत नाही, तर मनुष्याने ठरवावा लागतो.

दोष व त्यांची लक्षणे : पुनर्रचना-हानी वरचढ झाली, किंवा एकाच चित्राच्या जोड्या फार झाल्या, तर प्रतिमानाला एक सोपी पळवाट सापडते. आधारचित्राची नक्कल करूनच हानी शून्याजवळ नेता येत असल्याने ते दात्याकडे दुर्लक्ष करते. एकूण हानीचा आलेख अशा वेळी समाधानकारक रीतीने उतरत असतो. म्हणून केवळ त्यावरून दोष कळत नाही. भिन्न चित्रांच्या जोड्यांवरील ओळख-हानी वेगळी काढून पाहिली, तर ती वरच अडकलेली आढळते.

ओळख-हानी वरचढ झाल्यास उलट दोष येतो. दात्याच्या छायाचित्रातील चष्म्याची चौकट, दाढीची कड किंवा त्वचेवरील उजेड निर्मित चित्रात उतरू लागतो, नजर ढळते आणि चित्रफितीत चेहरा एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत किंचित थरथरतो. ओळख-जालाच्या सदिशात केवळ ओळखच नव्हे, तर तिच्याशी निगडित झालेले इतर गुणही मिसळलेले असतात हे त्याचे कारण होय. याहून सूक्ष्म दोष असा की, मनुष्यास जाणवणारे साम्य न वाढविता केवळ त्या विशिष्ट जालाला पटणाऱ्या अस्फुट खुणा प्रतिमान चित्रात पेरू शकते. अशा वेळी ओळख-हानी अगदी कमी असते, पण पाहणाऱ्यास दाता ओळखू येत नाही. हे पारखण्यासाठी प्रशिक्षणात न वापरलेल्या दुसऱ्या ओळख-जालाने साम्य मोजावे लागते. फेसशिफ्टरच्या कर्त्यांनीही परीक्षणासाठी वेगळेच जाल वापरले होते.

आधारचित्रात चेहऱ्यापुढे आलेला हात, केसांची बट किंवा चष्मा पुसला जाणे हा आणखी एक दोष आहे. प्रशिक्षणात त्याचे प्रसंग विरळ असल्याने एकूण हानीत त्याचा वाटा नगण्य असतो. फेसशिफ्टरमध्ये तो शोधण्याची युक्ती मार्मिक आहे. एकच चित्र दाता व आधार म्हणून दिले असता मूळ चित्र जसेच्या तसे मिळावयास हवे. प्रत्यक्षात जेथे फरक पडतो तेथेच जालाने काही गमावलेले असते. या फरकाचे चित्र दुसऱ्या जालाला देऊन गमावलेला भाग परत बसविला जातो. पुनर्रचना-हानीचे तत्त्व येथे शिक्षणाबरोबरच निदानासाठीही वापरलेले दिसते.

नंतरच्या सुधारणा : २०२० मध्ये रेनवांग चेन व सहकाऱ्यांनी सिमस्वॅप या पद्धतीत समतोलाचा प्रश्न पुन्हा हाती घेतला. आधारचित्राचे गुण जपण्यासाठी त्यांनी स्पर्धेतील परीक्षक-जालाचे प्रतिसाद ताडले. मात्र आरंभीचे थर वगळून केवळ अखेरचे काही थर घेतले. आरंभीच्या थरांतील पोत जुळविल्यास आधारचित्रातील व्यक्तीचीच ओळख परत येते, तर अखेरच्या थरांत स्थिती व हावभाव यांसारखे स्थूल गुण असतात. फेसफोरेन्सिक्स++ या १,००० मूळ चित्रफितींच्या संग्रहावर या पद्धतींची तुलना झाली. निर्मित चेहऱ्यावरून अचूक दाता शोधून काढण्याचे प्रमाण फेसशिफ्टरचे ९७·३८ टक्के व सिमस्वॅपचे ९२·८३ टक्के नोंदविले आहे. डोक्याच्या स्थितीतील सरासरी दोष मात्र अनुक्रमे २·९६ व १·५३ आहे. एका गुणातील वाढ दुसऱ्यातील घटीने विकत घ्यावी लागते, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

ओळख-हानीची दुसरी मर्यादा चेहऱ्याच्या घडणीविषयी आहे. आर्कफेसला ११२ × ११२ बिंदूंचे, डोळे-नाक-तोंड ठरावीक जागी आणून कापलेले चित्र दिले जाते. जबड्याची रुंदी व हनुवटीची ठेवण यांकडे त्यामुळे दुर्लक्ष होते आणि निर्मित चेहऱ्याची बाह्यरेषा आधारचित्राचीच राहते. २०२१ मध्ये युहान वांग व सहकाऱ्यांनी हायफायफेस या पद्धतीत ओळख-सदिशाला त्रिमितीय प्रतिमानातील घडणीचे गुणांक जोडून ही उणीव दूर करण्याचा प्रयत्न केला. ब्लांट्स व फेटर यांच्या १९९९ मधील कल्पनेचे हे पुनरागमन होय. पुढे गोंगाटातून क्रमाक्रमाने चित्र घडविणाऱ्या विसरण-प्रतिमानांवर आधारित पद्धती आल्या. त्यांत मधल्या टप्प्यावरील चित्र अस्पष्ट असल्याने ओळख-जालाला काही ठरविता येत नाही. २०२३ मधील डिफस्वॅप या पद्धतीत म्हणून अखेरच्या चित्राचा आगाऊ अंदाज काढून त्यावर ओळख तपासली जाते. परीक्षक तेच राहिले, केवळ परीक्षेची वेळ बदलली.

मर्यादा : ओळख-हानी ज्याला ओळख म्हणते ते एका विशिष्ट जालाचे मत असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रविद्या संस्थेने डिसेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, भिन्न व्यक्तींना एकच समजण्याची चूक बहुतेक ओळख-प्रणालींकडून आफ्रिकी व पूर्व आशियाई चेहऱ्यांबाबत अधिक आणि पूर्व युरोपीय चेहऱ्यांबाबत सर्वांत कमी होते असे आढळले. चीनमध्ये विकसित झालेल्या अनेक प्रणालींत पूर्व आशियाई चेहऱ्यांबाबत मात्र ही चूक कमी होती. अशी चूक करणारे जाल परीक्षक म्हणून नेमल्यास त्या लोकसमूहांतील दात्यांची ओळख सैल पडण्याचा संभव राहतो, व प्रशिक्षणातील आकड्यांत तो दिसत नाही.

बनावट चित्रफिती ओळखण्याचे शास्त्रही याच मर्यादांवर उभे आहे. फेसशिफ्टरचा प्रबंध २०२० मध्ये परिषदेत सादर झाला तेव्हा त्याच्या शीर्षकात बनावट ओळखणे हा हेतू नमूद केला होता, आणि त्याच गटाने त्याच वर्षी बसविलेला चेहरा व मूळ चित्र यांच्या सांध्याची रेषा शोधणारी पद्धत मांडली. प्रत्येक हानिफलन आपल्या कक्षेतील दोष पुसून टाकते आणि कक्षेबाहेरील दोष शिल्लक ठेवते. सांधे, चौकटींमधील थरथर, चेहऱ्याचा अंतर्भाग व बाह्यरेषा यांतील विसंगती ही शिल्लक राहिलेल्यांपैकी होत. शोधकाने वापरलेली खूण कळताच ती नव्या पदाच्या रूपाने हानिफलनात समाविष्ट करता येते. म्हणून अशा कोणत्याही एका खुणेवर आधारलेला बनावटीचा निर्णय दीर्घकाळ विश्वसनीय राहत नाही, आणि संबंधित व्यक्तीची संमती व चित्रफितीचा उगम यांची स्वतंत्र पडताळणी करणे आवश्यक ठरते.